चार दिवसांत संपणारी बाटली: नाकाच्या फवाऱ्यानेच चोंदलेल्या नाकाचे एक प्रकरण

३८ वर्षांच्या एक बाई नाकाच्या शस्त्रक्रियेसंबंधी विचारायला माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये आठ महिन्यांची कागदपत्रे होती. त्यात प्रतिजैविकांचे दोन कोर्स, ॲलर्जीच्या निरनिराळ्या गोळ्या, सायनसचा सीटी स्कॅन आणि टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे अस्तराने मढलेले हाडांचे उंचवटे, लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला एवढे सगळे होते. नव्हता तो फक्त नाकाच्या फवाऱ्याचा उल्लेख. तो कोणीही लपवलेला नव्हता. सर्दीत नाक मोकळे करण्यासाठी मारायचा फवारा हे 'औषध' आहे असे त्या धरतच नव्हत्या, आणि कोणती औषधे चालू आहेत या प्रश्नाचे उत्तर देताना तो त्यांच्या ओठावर आला नाही. ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील मी बदलले आहेत. आजाराची वाटचाल मात्र जशी होती तशीच मांडली आहे.

त्यांची तक्रार एकच होती. नाक दोन्ही बाजूंनी चोंदते, रात्री आडवे झाले की अगदी बंद होते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो आणि पहाटे तीनच्या सुमारास जाग येते. शिंका फारशा नव्हत्या, नाक वाहत नव्हते, खाज नव्हती, तापही नव्हता. वासाची जाणीव बोथट झाली होती, पण नाक मोकळे असले की वास येत असे. हे शेवटचे वाक्य त्या सहज बोलून गेल्या आणि मी तिथेच थांबलो. सतत चोंदलेले नाक मध्येच मोकळे होते कसे, असे विचारल्यावर त्यांनी पर्समधून फवाऱ्याची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. अशीच एक उशीजवळ आणि एक कामाच्या टेबलाच्या खणात असते, असेही त्यांनी सांगितले.

बाटली झायलोमेटाझोलिनची होती, प्रौढांसाठीच्या ०.१ टक्के तीव्रतेची आणि १० मिलिलिटरची. दिवसातून किती वेळा मारता, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "तीन-चार वेळा, डॉक्टर. फार नाही." अशा वेळी मी संख्येवरून वाद घालत नाही, बाटली किती दिवस पुरते एवढेच विचारतो. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "चार दिवस. कधी पाच." हिशेब सोपा आहे. एका दाबात साधारण ०.१ मिलिलिटर औषध बाहेर पडते असे धरले, तर १० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे १०० दाब होतात. प्रत्येक नाकपुडीत एक दाब आणि दिवसातून तीन वेळा या प्रमाणात ती पंधरवड्याहून अधिक पुरायला हवी. ती चार दिवसांत संपत असेल तर रोजचे दाब २४-२५ होतात. बाई खोटे बोलत नव्हत्या. दिवसा चार वेळा हे खरेच होते. झोपताना एकदा आणि पहाटे तीनला एकदा हे त्यांनी 'दिवसातून' या शब्दात धरले नव्हते. सहा वेळा, दर वेळी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन दाब, म्हणजे बरोबर २४. अर्धजागेपणी, उशीखाली हात घालून मारलेला फवारा कोणीच मोजत नाही. म्हणून किती वेळा मारता यापेक्षा बाटली किती दिवस पुरते हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

सुरुवात अगदी साधी होती. आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप-सर्दी झाली, दुसऱ्या रात्री नाकामुळे झोप लागेना, म्हणून फवारा आणला. पाच-दहा मिनिटांत नाक मोकळे झाले आणि रात्रभर मोकळे राहिले. आठवड्याने सर्दी गेली. पण एका रात्री फवारा न मारता झोपल्या तेव्हा नाक पुन्हा चोंदले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता: सर्दी अजून पूर्ण गेलेली नाही. फवारा चालू राहिला. पहिल्या महिन्यात एका वेळच्या औषधाचा परिणाम दहा तास टिकत असे, तिसऱ्या महिन्यात सहा तास, आणि माझ्याकडे आल्या तेव्हा जेमतेम चार तास. मोकळे झाल्यावरही नाक पूर्वीइतके मोकळे होत नव्हते. दोन मात्रांमधले अंतर असे आखडत जाणे आणि प्रत्येक मात्रेचे फळ उणावत जाणे ही जोडी सांगितली गेली, की अर्धे निदान तिथेच होते.

पहिल्या दिवशीच्या तपासणीने मात्र फसगत होऊ शकली असती, कारण त्या तासाभरापूर्वीच फवारा मारून आल्या होत्या. नाकाखाली थंड धातूची पट्टी धरून श्वास सोडायला सांगितला, तर पट्टीवर वाफेचे दोन ठसे उमटले, उजवा मोठा आणि डावा त्याहून लहान. आतले अस्तर लाल आणि कोरडे होते आणि कापसाचा बोळा लागताच एके ठिकाणी रक्ताचा ठिपका आला. दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे किंचित झुकलेला होता. एवढ्यावरच लिहायचे असते तर 'पडदा वाकडा, अस्तर किंचित सुजलेले' असे लिहून मी मोकळा झालो असतो. त्याऐवजी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या रात्री झोपतानाच्या मात्रेनंतर एकही फवारा न मारता येण्यास सांगितले. पहाटे तीनची मात्रा टाळायची म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. तरी त्या आल्या, तोंड उघडे ठेवून, रडून आल्यासारख्या जड आवाजात बोलत. त्या दिवशी पट्टीवर डाव्या बाजूला काहीच उमटले नाही आणि उजवीकडे नखाएवढा ठसा आला. दोन्ही बाजूंचे खालचे टर्बिनेट गर्द लाल होते, फुगून पडद्याला टेकले होते आणि त्यांच्या मागचे काही दिसत नव्हते. एकच नाक, एकच पडदा, आणि एका दिवसाच्या अंतराने दोन वेगळी चित्रे. जागच्या जागी असलेला वाकडा पडदा असा तासागणिक बदलत नाही.

'नाकाचे हाड वाढले आहे' असे त्यांना सांगितले गेले होते, आणि सीटी स्कॅनच्या अहवालातही खालचे टर्बिनेट मोठे दिसत असल्याची नोंद होती. सायनस मात्र स्वच्छ होते आणि पॉलिप, म्हणजे अस्तराच्या मऊ गाठी, नव्हत्या. हाड वाढले हा नुसता बोलण्यातला वाक्प्रचार आहे. अशा रुग्णात फुगते ते हाड नव्हे, तर त्यावरचे अस्तर. या अस्तरात रक्ताने भरणाऱ्या पातळ भिंतींच्या शिरांचे जाळे असते. त्या भरल्या की अस्तर स्पंजासारखे फुगते आणि रिकाम्या झाल्या की बसते. निरोगी माणसातही हे दिवसभर आलटून पालटून चालू असते. काही तास उजवी बाजू जास्त मोकळी, मग काही तास डावी. आडवे झाल्यावर या शिरांत रक्त अधिक साठते, म्हणून चोंदण्याचा त्रास कोणताही असो, तो रात्री वाढतो.

या शिरा आवळून ठेवण्याचे काम शरीर स्वतःच करत असते. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन हे रसायन सतत थोडे थोडे झिरपते आणि शिरांच्या भिंतींवरच्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक निरोप टिपणाऱ्या जागांना, जाऊन लागते. झायलोमेटाझोलिन आणि त्याचे भावंड ऑक्सिमेटाझोलिन याच ग्राहींना लागतात, पण कितीतरी जोराने आणि कितीतरी जास्त वेळ. शिरा पिळल्यासारख्या आवळतात आणि नाक मोकळे होते. हे दोन-तीन दिवस चालले तर काही बिघडत नाही. दिवसामागून दिवस चालले की दोन गोष्टी घडतात. बाहेरून एवढा जोराचा हुकूम येत असल्यामुळे ग्राही त्याला दाद देईनासे होतात, आणि मज्जातंतूंची टोकेही स्वतःचे नॉरॲड्रेनलिन सोडण्यात हात आखडता घेतात. मग औषध उतरले की शिरांना आवळून धरणारे कोणीच उरत नाही. त्या पूर्वीच्या पातळीवर थांबत नाहीत, त्यापलीकडे सैल होतात. हेच ते उलटून येणारे चोंदणे. १९४० च्या दशकापासून वैद्यकात त्याला रायनायटिस मेडिकामेंटोसा, म्हणजे औषधानेच झालेला नाकाचा दाह, असे नाव आहे. महिनोन्महिने हेच चालले की अस्तराचा पोतही बदलतो. कफ पुढे सरकवणारे सूक्ष्म केस झडतात, कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि सूज कायमची होऊ लागते.

हे सारे चौथ्या दिवशी घड्याळाच्या ठोक्याने सुरू होते असे नाही. काहींना तीन-चार दिवसांतच त्रास होतो, काही जण दहा दिवस वापरूनही सुटतात, आणि एक महिना रोज वापरल्यानंतर मात्र अशी प्रतिक्रिया येणे सर्रास आढळते. बाटलीवर कुठे तीन, कुठे पाच, तर कुठे सात दिवसांची मर्यादा छापलेली असते, त्याचे कारण हेच. मी रुग्णांना तीन दिवस सांगतो, आणि ते छापील नियमासाठी नव्हे. साध्या सर्दीत नाक सर्वांत जास्त चोंदते ते पहिल्या तीन-चार दिवसांत. त्यानंतर फवाऱ्याची खरी गरज ओसरलेली असते आणि धोका मात्र वाढत जातो. ज्याला हे चोंदणे एकदा होऊन गेले आहे त्याच्यासाठी तर तीन दिवसही मी धरत नाही. त्याकडे शेवटी येतो.

बाईंनी सर्वांत आधी जो प्रश्न विचारला तो होता, "म्हणजे मला याचं व्यसन लागलंय का?" या शब्दाने त्यांना लाज वाटत होती हे उघड होते, आणि ती दूर करणे हा माझ्या मते उपचाराचाच भाग होता. त्यांना फवाऱ्याची धुंदी येत नव्हती, ओढही लागलेली नव्हती; त्यांना श्वास हवा होता. शिरांना आधाराची सवय झाली होती, मनाला नव्हे. हे समजल्यावर त्यांनी तीन बाटल्यांबद्दलही मोकळेपणाने सांगितले, आणि तपशील कळल्याखेरीज आखणी करता येत नाही.

शस्त्रक्रिया मी पुढे ढकलली. टर्बिनेट आज मोठे आहे ते औषधामुळे, आणि औषध थांबल्यावर ते किती बसेल हे पाहिल्याशिवाय त्याचा भाग कापणे किंवा जाळणे म्हणजे सुजलेल्या पायाच्या मापाने जोडा बेतण्यासारखे आहे. शिवाय फवारा चालूच राहिला तर शस्त्रक्रियेनंतर उरलेले अस्तरही पुन्हा फुगते. काही रुग्णांत शेवटी शस्त्रक्रिया लागते, पण तो निर्णय फवारा सुटून काही आठवडे गेल्यानंतरचा आहे.

फवारा एका झटक्यात बंद करण्याचा मार्ग खुला होता आणि तो काही जणांना जमतो. पण त्यांनी तसा प्रयत्न आधी दोनदा करून पाहिला होता. एकदा दुसऱ्या रात्री आणि एकदा तिसऱ्या रात्री त्या हरल्या होत्या. दोन्ही नाकपुड्या एकदम बंद झाल्या की झोप जाते, आणि न झोपलेल्या माणसाचा निश्चय पहाटे तीनला टिकत नाही. म्हणून आम्ही एका वेळी एक नाकपुडी सोडवायचे ठरवले.

पहिला आठवडा फक्त तयारीचा होता. त्यात त्यांनी नेहमीचा फवारा चालू ठेवला, फक्त दर वेळी दोनऐवजी एक दाब, आणि त्याच्या जोडीला स्टिरॉइडचा फवारा सुरू केला: फ्लुटिकासोन, ५० मायक्रोग्रॅमचे दोन दाब प्रत्येक नाकपुडीत, दिवसातून एकदा सकाळी. हा फवारा शिरा आवळत नाही. तो अस्तराची सूज हळूहळू उतरवतो. त्याचा परिणाम जाणवायला काही दिवस लागतात आणि पूर्ण दिसायला एक-दोन आठवडे. नेमके इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. पाच मिनिटांत नाक उघडण्याची सवय झालेला माणूस स्टिरॉइडचा फवारा मारतो, अर्धा तास वाट पाहतो आणि 'हा काही लागू पडत नाही' म्हणून बाजूला ठेवतो. नाक मोकळे करणारे औषध सोडण्याआधी आठवडाभर स्टिरॉइड चालू असले, तर सोडायच्या दिवशी ते आधीच कामाला लागलेले असते.

फवारा मारायची रीतही मी त्यांच्याकडून समोर करून घेतली. त्या डोके मागे टाकून, नळी सरळ वर मध्याकडे धरून जोराने ओढत होत्या. अशाने औषध पडद्यावर आदळते, तिथे कोरड पडते आणि रक्त येते, आणि उरलेले घशात उतरते. योग्य रीत अशी की डोके किंचित पुढे झुकवावे, उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरावी, म्हणजे नळीचे टोक आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळते. दाबताना हलका श्वास घ्यावा, फुलाचा वास घेतो तेवढाच. औषधाची कडू चव घशात आली तर ओढ जास्त झाली असे समजावे. स्टिरॉइड मारण्याच्या दहा मिनिटे आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे, आणि ते पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्डच असले पाहिजे, एवढी ताकीद दिली. नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये.

दोन गोष्टी मी दिल्या नाहीत. अशा रुग्णांना कधीकधी स्टिरॉइडच्या गोळ्या चार-पाच दिवस देतात आणि त्याने सोडण्याचे दिवस सुसह्य होतात. पण पहिल्या भेटीत त्यांचा रक्तदाब १४६/९२ निघाला होता आणि एका नाकपुडीचा मार्ग अजून आजमावलेला नव्हता, म्हणून गोळ्या राखून ठेवल्या. रक्तदाबाचा दोष मी एका मोजणीवरून फवाऱ्यावर टाकला नाही; तरीही शिरा आवळणारे हे औषध थोडेफार रक्तात शोषले जाते, आणि उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्याने ते विचारल्याशिवाय वापरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे सर्दीच्या गोळ्यांमधले शिरा आवळणारे घटक. फवारा सोडून तेच काम गोळीकडून करून घेण्यात अर्थ नव्हता. मेन्थॉलचा बाम त्यांनी विचारला तेव्हा हरकत घेतली नाही, पण एवढे सांगितले की त्याने नाक थंड लागते आणि म्हणून मोकळे वाटते. हवेची वाट प्रत्यक्षात रुंदावत नाही.

आठव्या दिवशी उजवी नाकपुडी सोडली, कारण पडदा डावीकडे झुकलेला असल्याने उजवी बाजू मुळात रुंद होती आणि ती आधी मोकळी होण्याची शक्यता अधिक होती. डाव्या नाकपुडीत झोपताना एक आणि अगदीच लागला तर दिवसा एक दाब, एवढीच सूट ठेवली. उशीजवळची आणि खणातली बाटली टाकून दिली. उरलेल्या बाटलीवर त्यांनी स्वतः पेनाने मोठा 'डा' लिहिला, म्हणजे पहाटे अंधारात नव्हे, तर दिवा लावून, वाचून वापरायची. ही युक्ती त्यांची होती आणि मला ती फार आवडली. उशाखाली आणखी एक उशी घेऊन डोके उंच ठेवायला सांगितले.

पहिल्या दोन रात्री उजवी बाजू ठार बंद राहिली. डाव्या बाजूने श्वास चालू होता, झोप तुटक पण लागत होती. तिसऱ्या रात्री त्यांचा धीर सुटला आणि दोन वाजता त्यांनी उजवीकडे एक दाब मारला. सकाळी फोन करून म्हणाल्या, "सगळं मुसळ केरात गेलं ना, डॉक्टर?" तसे झाले नव्हते. एका दाबाने तीन दिवसांची सुधारणा पुसली जात नाही. पुसली जाते ती 'आता मोडलेच आहे' म्हणून त्यानंतर मारलेल्या पुढच्या दहा दाबांनी. त्या रात्रीची नोंद वहीत करून पुढे चालायचे, एवढेच त्यांना सांगितले. पाचव्या दिवशी दुपारी उजवी बाजू आपणहून काही वेळ उघडली. त्या तासाची त्यांनी नोंद केली होती: चार वाजून दहा मिनिटे ते साडेपाच. हा पहिला आपोआप उघडलेला वेळ कितीही छोटा असला तरी मला तो मोलाचा वाटतो, कारण शिरा औषधाशिवाय पुन्हा आवळू लागल्याची ती खूण असते. तिथून पुढे चोंदणे आणि मोकळे होणे यांची सामान्य पाळी परत येऊ लागते. रुग्णाला मात्र आधी भीती वाटते की नाक पुन्हा बंद झाले, म्हणून हे आलटून पालटून होणारच आहे असे आधीच सांगून ठेवलेले बरे.

सोळाव्या दिवशी, म्हणजे उजवी बाजू सोडून आठ दिवस झाल्यावर, डावीही सोडली. ती सोडताना उजवीइतका त्रास झाला नाही. एक बाजू बरी होऊन चालू होती आणि स्टिरॉइडला दोन आठवडे पूर्ण झाले होते. चार रात्री जड गेल्या. तेविसाव्या दिवशीच्या तपासणीत टर्बिनेट पडद्यापासून सुटलेले होते, रंग गर्द लालवरून गुलाबी झाला होता, आणि थंड पट्टीवर सकाळी, कोणतेही मोकळे करणारे औषध न घेता, दोन ठसे उमटले. डावा अजूनही लहान होता, पडदा जसा होता तसाच होता, आणि त्या लहान ठशाबद्दल आता त्यांची काही तक्रार नव्हती. शस्त्रक्रियेचा विषय तिथेच मिटला. रक्तदाब त्या दिवशी १२८/८२ होता.

पण प्रकरण इथे संपले नाही, आणि मला वाटते या प्रकरणातला सर्वांत जपून पाहण्याचा भाग हाच आहे. सहाव्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, त्या नव्या तक्रारीसाठी: सकाळी उठल्यावर सलग दहा-बारा शिंका, नाकाला खाज, पातळ पाणी. हे नवे नव्हते. खोदून विचारल्यावर कळले की तरुणपणापासून अंथरूण झटकताना आणि जुन्या कागदांच्या धुळीत त्यांना असे होत आले होते, आणि फवारा सुरू झाल्यानंतर ते जणू नाहीसे झाले होते. नाक बंदच असेल तर धूळ आत जाणार कुठून, आणि वाहणार तरी काय? फवाऱ्याखाली झाकला गेलेला मूळ आजार म्हणजे धुळीतील माइट या सूक्ष्म जिवांची ॲलर्जी. चाचणीनेही ती पुढे पक्की झाली. सर्दी ही फक्त निमित्त होती. त्यांचे नाक सर्दीनंतरही पूर्ण मोकळे का झाले नव्हते, याचेही उत्तर यात होते.

ज्या कारणासाठी माणूस पहिल्यांदा फवाऱ्याकडे वळला ते कारण तसेच राहिले, तर तो पुन्हा वळतो. कोणाच्या बाबतीत ते ॲलर्जी असते, कोणाचा पडदा खरोखरच फार वाकडा असतो, कोणाला पॉलिप असतात, आणि गरोदरपणात काही जणींचे नाक संप्रेरकांमुळे चोंदते. म्हणून फवारा सुटल्यानंतर सहा आठवड्यांनी एक तपासणी मी टाळू देत नाही. एकाच बाजूचे चोंदणे जे कधीच बाजू बदलत नाही, त्याच बाजूने वारंवार रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा नाक मोकळे असूनही न येणारा वास यांपैकी काही असेल, तर सगळा दोष फवाऱ्याला देऊन थांबू नये. दुर्बिणीने आत पाहिलेच पाहिजे. आमच्या रुग्णात दुर्बिणीने असे काही दिसले नाही. त्यांचा स्टिरॉइडचा फवारा पुढे ॲलर्जीसाठी चालू ठेवला, तीन महिन्यांनी प्रत्येक बाजूला एक दाब इतका कमी केला, आणि गादी-उशांना घट्ट विणीची आवरणे घालायला सांगितले.

आठ-नऊ महिन्यांनी त्यांचा फोन आला. घरात सगळ्यांना सर्दी झाली होती, त्यांनाही, आणि नाक पूर्ण बंद होते. "तीन दिवसांपुरता फवारा चालेल का? बाटलीवर तीन दिवस चालतो असं लिहिलंय." वर मी याच प्रश्नाकडे शेवटी येतो असे म्हटले होते. उलटून चोंदण्याच्या त्रासातून बरे झालेल्यांनी वर्षभरानंतरही हेच औषध पुन्हा घेतले, तर त्यांचे नाक पहिल्या खेपेपेक्षा लवकर, काही दिवसांतच उलटते असे दिसून आले आहे. अस्तर बाहेरून बरे दिसते, पण पूर्वीइतके सोशिक राहिलेले नसते. म्हणून मी नाही म्हटले. स्टिरॉइडचे दाब आठवडाभर पूर्वीइतके वाढवायचे, मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा नाक धुवायचे, डोके उंच ठेवायचे, आणि सर्दीचे चार दिवस ती सर्दी आहे असे समजूनच काढायचे, असे सांगितले. सहाव्या दिवशी त्यांनी कळवले की नाक उघडले आहे, आधी उजवे, मग डावे.